लेटरहेड वेगळं, पत्र वेगळं : जुनी कार्यालयीन पत्रं टाइप करून काढताना

सोलापुरातल्या एखाद्या जुन्या संस्थेची फाईल उघडा. विणकरांची सहकारी संस्था असो, शाळा असो की वाचनालय, पत्राच्या वरच्या चार बोटांतच बराच मजकूर दाटलेला दिसतो. अगदी वर देवाचं नाव, एका बाजूला गोल चिन्ह, चिन्हाखाली ब्रीदवाक्य, मधोमध मराठीत संस्थेचं नाव, शहराच्या तेलुगू भाषिक पूर्व भागातली संस्था असेल तर त्याखाली तेलुगूत एक ओळ, मग रजिस्टर नंबर, स्थापनेचं साल, पत्ता, फोन. पत्र सुरू होतं ते या सगळ्याच्या खाली, आणि पुष्कळदा ते वरच्या मजकुराहून लहान असतं.

अशी पत्रं संगणकावर टाइप करून काढायचं काम हल्ली बरंच निघतं. कुठे सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका काढायची असते, कुठे जागेचा वाद कोर्टात चालू असतो, कुठे कागदाचे तुकडे पडायला लागलेले असतात. टाइप करणारा पानाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत दिसेल ते उतरवत जातो. एकेक पत्र वाचताना त्यात काही वावगं वाटतही नाही. पाचशे पत्रं एकत्र झाली की मात्र घोळ बाहेर येतो. ब्रीदवाक्यात ‘सहकार’ हा शब्द असेल तर ‘सहकार’ शोधल्यावर पाचशेच्या पाचशे पत्रं पुढ्यात येतात आणि सहकार खात्याशी झालेला खरा पत्रव्यवहार त्यात बुडून जातो. नोंदणी क्रमांकात १९८५ असं साल असेल तर यादी करणारा तेच पत्राचं साल धरतो. भाषांतराला पत्र गेलं तर ब्रीदवाक्य हे सेक्रेटरींचं पहिलं वाक्य समजून भाषांतर होतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, माणूस मोठा तत्त्वज्ञ होता, मीटर मागायच्या आधी सुविचार सांगतो.

यावर काही जण सोपा उपाय करतात, वरचा सगळा भाग टाइपच करत नाहीत. तो उपाय त्याहून वाईट. का, ते पुढे येईलच. लेटरहेड टाकायचं नाही, वेगळं ठेवायचं.

एका पानावर किती जणांचा मजकूर

कार्यालयीन पत्राच्या पानावर साधारण तीन ठिकाणचा मजकूर असतो. पहिला संस्थेचा, म्हणजे जो कोरा कागद प्रेसमधून छापून आला त्यावरचा. दुसरा पत्र लिहिणाऱ्याचा. तिसरा, ज्या कार्यालयात पत्र पोचलं तिथला: आवकचा शिक्का, तिथल्या साहेबांचा तिरका शेरा, कोपऱ्यातली फाईल नंबरची पेन्सिल. हे तीन वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या माणसांनी कागदावर आणलेले असतात. त्यामुळे प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा: हे कागदावर कधी आलं? पत्र लिहायला घेण्याआधी आलं असेल तर लेटरहेड, लिहिताना आलं असेल तर पत्र, पोचल्यावर आलं असेल तर शेरे आणि शिक्के.

नुसतं ‘छापील ते लेटरहेड’ असं धरलं तर फसायला होतं. ग्रामपंचायती आणि लहान मंडळं कित्येकदा साध्या फुलस्केपवर जांभळ्या शाईचा मोठा रबरी शिक्का वर मारून तेच लेटरहेड म्हणून वापरतात. तो शिक्का असला तरी लेटरहेडच आहे, कारण मजकूर आधी ठरलेला आहे. आजकालच्या सरकारी पत्रात तर प्रेसचा संबंधच नसतो, राजमुद्रा, कार्यालयाचं नाव आणि ईमेल संगणकातूनच पत्राबरोबर छापून येतात. तेही लेटरहेड.

उलट उदाहरण ‘॥ श्री ॥’ चं. छापील ‘॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥’ हा संस्थेचा मजकूर. पण साध्या कागदावर सेक्रेटरींनी स्वतःच्या हातानं वर ‘॥ श्री ॥’ काढून मग पत्र लिहायला घेतलं असेल, तर तो श्रीकार त्यांच्या पत्राचाच भाग आहे, तो पत्रातच राहतो.

ओळ कुठली हे नजरेनं ठरेना तर सगळ्यात भरवशाची युक्ती म्हणजे त्याच संस्थेची त्याच सुमाराची दोन पत्रं शेजारी शेजारी ठेवणं. दोन्हीत जे अक्षरशः सारखं, सारख्याच जागी आहे ते लेटरहेड. जे बदलतं ते पत्र. पाच मिनिटांचं काम आहे, आणि तासभराची चर्चा वाचते.

तीन नंबर, तीन मालक

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो नंबरांचा. एका पानावर निदान तीन तरी क्रमांक असतात आणि तिघांचे मालक वेगळे.

नोंदणी क्रमांक संस्थेचा. तो तिला एकदा मिळाला की प्रत्येक पत्रावर तोच राहतो, म्हणून तो लेटरहेडमध्ये जातो. शाळा चालवणाऱ्या संस्थांच्या लेटरहेडवर बहुतेक वेळा असे दोन नंबर असतात. एक १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालचा, ‘महा’, मग आकडा, मग साल, मग ‘सोलापूर’, मध्ये तिरप्या रेघा. दुसरा १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालचा, ‘एफ’ आणि पुढे आकडा. एफ म्हणजे संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली संस्था. देवस्थानाच्या ट्रस्टला ‘ए’ असतो, हिंदू धार्मिक विश्वस्त व्यवस्थांसाठी ते अक्षर आहे. हे माहीत असलं की पुसट छपाई वाचायला मदत होते. ‘एफ’ हा ‘फो.’ समजून त्यापुढचा आकडा फोन नंबर म्हणून टाइप झालेला मी एकाहून अधिक फायलींत पाहिला आहे.

यातलं साल नोंदणीचं असतं, पत्राचं नव्हे. पत्राची तारीख फाटलेली असेल तर टाइप करणाऱ्याचा हात आपोआप त्या सालाकडे जातो. तिथं ‘तारीख : [फाटलेली]’ असंच लिहायचं.

जावक क्रमांक पत्राचा. ‘जा. क्र.’ ही अक्षरं छापील असली आणि पुढचा आकडा पेनानं भरलेला असला तरी तो क्रमांक पत्राच्या बाजूला जातो, कारण पत्राची ओळख तीच. पुढच्या पत्रात ‘संदर्भ : आमचे पत्र जा. क्र. अमुक’ असं येतं तेव्हा याच आकड्यावरून मागचं पत्र सापडतं. सरकारी पत्रात हा क्रमांक लांबलचक असतो, त्यात कार्यासनाची, विषयाची आणि सालाची संक्षिप्त अक्षरं असतात. तो लांब आहे आणि अगदी वर आहे म्हणून लेटरहेडमध्ये ढकलला जातो. दोन पत्रं शेजारी ठेवली की लगेच कळतं, तो बदलतो.

आवक क्रमांक पत्र घेणाऱ्याचा. तो शिक्क्यात असतो, बहुधा तिरका, कधी थेट संस्थेच्या नावावर मारलेला. तो पहिल्या दोन्हींतही घालायचा नाही.

एक अपवाद नीट लक्षात ठेवायचा. तोच नोंदणी क्रमांक पत्र लिहिणाऱ्यानं मजकुरात स्वतःहून लिहिला असेल, ‘आमची संस्था रजि. नं. अमुक अन्वये नोंदणीकृत असून’ असा, तर तिथला तो तिथंच राहू द्यायचा. वर आलाय म्हणून खालचा गाळायचा नाही. शासन निर्णयाच्या शेवटी संकेतस्थळ आणि संकेतांक सांगणारं ठरावीक वाक्य असतं, तेही दिसायला छापील तळटिपेसारखं वाटतं, पण ते निर्णयाच्या मजकुरातलं वाक्य आहे आणि त्यातला संकेतांक दर निर्णयाला वेगळा असतो. ते मजकुरात.

एक पत्र धरून पाहू

नमुन्यासाठी एक पत्र रचून घेऊ, फायलींत सर्रास दिसतं तसं. एका विणकर सहकारी संस्थेनं फेब्रुवारी १९९८ मध्ये वीजभार वाढवून मागितला आहे. पत्र दोन पानी, टंकलिखित. वर छापील लेटरहेड. डाव्या समासात उभी पट्टी आणि त्यात चेअरमन, व्हाईस चेअरमन आणि सेक्रेटरी यांची नावं. उजवीकडे ‘जा. क्र. ………’ आणि त्याखाली ‘दि.   /   /१९’ अशी छापील जागा. पहिल्या पानाच्या तळाला कार्यालयीन वेळ. दुसऱ्या पानाचा कागदही त्याच लेटरहेडचा, कारण सेक्रेटरींच्या टेबलावर दुसरा कागद नव्हता.

या तारखेकडे जरा जवळून पाहा. ‘१९’ हे शतक प्रेसवाल्यानं छापलेलं आहे, ‘१२’, ‘२’ आणि ‘९८’ पेनानं भरलेलं आहे. काटेकोर हिशेबानं अर्धी तारीख लेटरहेडची आणि अर्धी पत्राची. पण तसं तोडत बसायचं नाही. भरून पूर्ण झालेली तारीख पत्राची, ती पत्रात सलग ‘दि. १२/२/१९९८’ अशी जाते, आणि लेटरहेडच्या नोंदीत फक्त रिकामी छापील जागा दाखवायची. याचा उपयोग दोन वर्षांनी कळतो. शिल्लक कागद संपवायचे म्हणून २००० सालची पत्रंही त्याच लेटरहेडवर निघतात, छापील ‘१९’ वर काट मारून बाजूला ‘२०००’ लिहिलेलं असतं. काट कशावर मारली हे नोंदीवरून समजतं. नाहीतर वाचणाऱ्याला वाटतं, लिहिणाऱ्याचीच तारीख चुकली होती.

लेटरहेड आधी एकदाच उतरवून घ्यायचं आणि त्याला नाव द्यायचं. या संस्थेचं हे दुसऱ्या प्रकारचं लेटरहेड असेल तर ‘नमुना ख’:

```
लेटरहेड नमुना ख
डोक्यावर    : ॥ श्री मार्कंडेय प्रसन्न ॥
चिन्ह        : [गोल; आत धोटा आणि दातेरी चाक]
चिन्हातील मजकूर : स्थापना १९६१
ब्रीदवाक्य    : विना सहकार नाही उद्धार
नाव         : … विणकर सहकारी संस्था मर्यादित, सोलापूर
दुसरी लिपी   : [तेलुगू, एक ओळ]
नोंदणी       : रजि. नं. …
पत्ता         : …
डावी पट्टी    : चेअरमन …  व्हा. चेअरमन …  सेक्रेटरी …
छापील जागा   : जा. क्र. ………   दि.   /   /१९
तळ          : कार्यालयीन वेळ सकाळी ११ ते सायंकाळी ६
```

मग पत्र:

```
[लेटरहेड : नमुना ख, दोन्ही पानांवर]

[पत्र]
जा. क्र. ४७/९८
दि. १२/२/१९९८
प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ, सोलापूर.
विषय : वीजभार वाढवून मिळणेबाबत.
महोदय,
आमचे संस्थेचे वरील पत्त्यावरील [लेटरहेडवरील पत्ता] कारखान्यात
नवीन माग बसविणेत येत असून सदर वाढीव भार
[पान २]
मंजूर होणेस विनंती आहे.
आपला विश्वासू,
[सही]
सेक्रेटरी

[शेरे व शिक्के]
[आवक शिक्का, नावावर तिरका; क्रमांक अस्पष्ट]
[समासात, निळी शाई] तपासून अहवाल द्यावा.
```

चौकटी कंसातलं सगळं टाइप करणाऱ्याचं, बाहेरचं सगळं कागदावरचं. एवढा एक नियम पाळला तरी पुढच्या माणसाला कुठे कोण बोलतंय ते समजतं. पत्रातली भाषा जशी आहे तशी ठेवली आहे, ‘आमचे संस्थेचे’, ‘बसविणेत’ हे सुधारायचं नाही. लेटरहेडवरचं शुद्धलेखनही सुधारायचं नाही. जुन्या कागदांवर ‘शोलापूर’ छापलेलं असेल तर ‘शोलापूर’च.

चिन्हाचं वर्णन करताना थोडा आवर घालावा लागतो. चित्र उतरवता येत नाही, सांगावं लागतं, आणि जे ओळखू येतं तेवढंच सांगायचं. धोटा आहे अशी खात्री असेल तर धोटा, नसेल तर ‘लांबट आकृती’. चिन्हाच्या आत गोलाकार छापलेली अक्षरं मात्र चित्र नव्हेत, मजकूर आहेत. ती वाचून लिहायची. ब्रीदवाक्य चिन्हाच्या रिबिनीत असो की नावाखाली, त्याला स्वतःची वेगळी ओळ द्यायची, कारण शोधताना सगळ्यात जास्त त्रास तेच देतं.

तेलुगू ओळीबद्दल एक सांगतो. ती संस्थेच्याच नावाची आहे असं गृहीत धरून ‘तेच नाव तेलुगूत’ असं लिहून मोकळं होऊ नये. वाचता येत नसेल तर ‘तेलुगू, एक ओळ’ इतकंच लिहावं. सोलापुरात तेलुगू वाचणारा माणूस शोधायला फार लांब जावं लागत नाही. आणि वाचून घेतल्यावर कधी कधी कळतं की ते नाव नाहीच, वेगळंच ब्रीदवाक्य आहे.

वाक्याच्या मधोमध घुसणारा मजकूर

वरच्या पत्रात ‘वाढीव भार’ पहिल्या पानावर आणि ‘मंजूर होणेस’ दुसऱ्या पानावर आहे. दिसेल तसं टाइप केलं असतं तर वाक्य असं झालं असतं: ‘सदर वाढीव भार कार्यालयीन वेळ सकाळी ११ ते सायंकाळी ६ श्री मार्कंडेय प्रसन्न विना सहकार नाही उद्धार मंजूर होणेस विनंती आहे’. हसू येतं, पण असल्या ओळी मी छापील स्मरणिकांतसुद्धा वाचल्या आहेत. म्हणून पान बदललं की फक्त ‘[पान २]’, आणि वाक्य पुढे चालू.

डावी पट्टी याहून अवघड. माणूस टाइप करतो तेव्हा पट्टी डोळ्यांनी बाजूला ठेवतो. स्कॅनमधून मजकूर काढणारं सॉफ्टवेअर वापरलं तर ते कित्येकदा पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ ओळ वाचतं, मग दर दोन-तीन ओळींनंतर वाक्यात चेअरमनचं आडनाव येऊन बसतं. ओळखायची खूण सोपी आहे. तयार झालेल्या मजकुरात ‘चेअरमन’, ‘फोन’, ‘रजि.’ हे शब्द शोधायचे. महोदय ते आपला विश्वासू यांच्यामध्ये ते सापडले तर प्रत्येक जागा मूळ पानाशी ताडून पाहायची. सगळेच चूक असतील असं नाही, पत्रातच चेअरमनचा उल्लेख असू शकतो. दुसरी खूण म्हणजे पत्राच्या सुरुवातीला अर्थहीन चिन्हांचा पुंजका. तो बहुधा बोधचिन्ह वाचायचा प्रयत्न असतो. सगळ्यात बरं म्हणजे स्कॅनवर वरचा भाग आणि डावी पट्टी आधीच कापून वेगळ्या प्रतिमा करायच्या आणि फक्त मजकुराचा चौकोन सॉफ्टवेअरला द्यायचा. मूळ अखंड स्कॅन मात्र जपून ठेवायचा.

वर्डमध्ये काम करणाऱ्यांसाठी आणखी एक. लेटरहेड वेगळं ठेवायचं म्हणून ते वर्डच्या ‘हेडर’मध्ये टाकण्याचा मोह होतो, दिसायलाही छान दिसतं. पण ती फाईल साध्या मजकुराच्या स्वरूपात जतन केली की हेडर-फूटर गळून जातात. सगळं निवडून कॉपी केलं तरी तेच होतं. म्हणून लेटरहेड साध्या मजकुरातच, आपल्या नावाच्या कप्प्याखाली लिहावं.

टाकून का द्यायचं नाही

आता सुरुवातीला ठेवलेल्या मुद्द्यावर येऊ. वरच्या पत्रात ‘वरील पत्त्यावरील कारखान्यात’ असं म्हटलंय. हा पत्ता पत्रात कुठेच नाही, तो लेटरहेडवर आहे. लेटरहेड टाकलं तर ‘वरील’ कशाला उद्देशून आहे ते कळत नाही, आणि वाद नेमका त्या जागेचाच असेल तर ती ओळ निकामी होते. पत्र लिहिणारे छापील भागावर असे कायम विसंबून असतात: ‘वरील फोनवर संपर्क साधावा’, ‘वर नमूद नोंदणी क्रमांकान्वये’. अशी जागा दिसली की तिथं चौकटी कंसात ‘[लेटरहेडवरील पत्ता]’ एवढी खूण करावी. पत्ता उचलून मजकुरात घालू नये, कारण लिहिणाऱ्यानं तो तिथं लिहिलेला नाही.

दुसरं कारण तारखेचं. तारीख नसलेल्या पत्राचा काळ ठरवायला लेटरहेडसारखा साक्षीदार नाही. सोलापूरच्या कॉलेजांच्या लेटरहेडवर ‘शिवाजी विद्यापीठाशी संलग्न’ असं असेल तर तो कागद सोलापूर विद्यापीठ होण्याआधी, म्हणजे २००४ च्या आधी छापलेला असणार, कारण तोवर इथली कॉलेजं कोल्हापूरच्या विद्यापीठाखाली होती. त्याच ओळीत पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव असेल तर २०१९ किंवा त्यानंतरचा. शेजारच्या जिल्ह्याच्या पत्रावर ‘उस्मानाबाद’ आहे की ‘धाराशिव’ यावरूनही असाच अंदाज येतो. ही नावं टाइप करताना ‘आताचं बरोबर नाव’ घालणारे लोक असतात, त्यांना थोपवावं लागतं. नवं नाव घातलं की तो सगळा पुरावा नाहीसा होतो.

व्यापारी पेढ्यांच्या आणि चादर-टॉवेलच्या कारखान्यांच्या पत्रांवर कराचे नंबर हेच काम करतात. जीएसटीचा क्रमांक पंधरा अक्षरांचा, महाराष्ट्रात सुरुवात २७ नं, मग दहा अक्षरांचा पॅन, मग आणखी तीन. जीएसटी १ जुलै २०१७ पासून लागू झाला आणि नंबर देणं त्याच्या काही महिने आधी सुरू झालं होतं. तेव्हा २०१४ ची तारीख असलेल्या पत्रावर हा क्रमांक दिसला तर तारीख चुकीची वाचली गेली आहे किंवा ते पत्र नंतर पुन्हा छापून घेतलेलं आहे. त्याआधीच्या काळात व्हॅटचा अकरा अंकी टिन असतो, शेवटी व्ही किंवा सी अक्षर जोडलेला. व्ही राज्याच्या व्हॅटचा, सी केंद्रीय विक्रीकराचा. दोन्ही नंबरांचे अंक बहुधा तेच असतात, म्हणून ‘एकच दोनदा छापलाय’ असं समजून एक गाळला जातो. कंपनी असेल तर एकवीस अक्षरांचा सीआयएन पत्रावर असतोच, २०१३ च्या कंपनी कायद्यानं तो नाव आणि नोंदणीकृत पत्त्याबरोबर छापणं बंधनकारक केलेलं आहे.

पण लेटरहेडची साक्ष एकाच बाजूनं चालते. पत्र कधीच्या आधीचं असू शकत नाही ते त्यावरून कळतं, कधीपर्यंतचं ते कळत नाही. आपल्याकडे लेटरहेड हजाराच्या गठ्ठ्यानं छापून घेतात आणि ते संपेपर्यंत वापरतात. विद्यापीठ बदललं तरी जुन्या कागदावर वरची ओळ काटून पत्रं जात राहतात. म्हणून ‘शिवाजी विद्यापीठ’ दिसलं की कागद २००४ च्या आधीचा, पत्र मात्र २००५ चंही असू शकतं. अशी काट दिसली की ती नोंदवायची: ‘[लेटरहेड : नमुना क, फोन नंबर पेनानं काटून नवा लिहिलेला]’. पेनानं लिहिलेला तो नवा नंबर कुठल्या कप्प्यात घालायचा असा प्रश्न पडतो. तो मूळ छापील नव्हे, पण पत्राचं वाक्यही नव्हे. मी तो लेटरहेडच्या ओळीतच, वरच्यासारखा कंसात ठेवतो. दुसऱ्या कुणी शेऱ्यांत ठेवला तर माझी हरकत नाही, पूर्ण फायलीत एकच पद्धत असली म्हणजे झालं.

म्हणूनच नमुन्यांना क, ख, ग अशी नावं द्यायची. एका संस्थेची तीस वर्षांची फाईल असली तरी लेटरहेडचे प्रकार चार-पाचच निघतात. प्रत्येक एकदा पूर्ण उतरवायचं आणि पुढे फक्त ‘नमुना ख’ म्हणायचं. नुसत्या चेअरमनचं नाव बदललं तरी नवा नमुना धरावा, कारण पदाधिकारी बदलल्याचा तोच पहिला पुरावा असतो. कागदाचा रंग किंवा छपाईची शाई तेवढी बदलली असेल तर नवा नमुना करायची गरज नाही, कंसात उल्लेख पुरे.

‘सोलापूर न्यायकक्षेत’ किंवा त्याच अर्थाची ओळ पेढ्यांच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात असते. ती लेटरहेडमध्येच ठेवायची, पण ती गाळून चालत नाही. वाद झाला तर वकील आधी तीच ओळ शोधतो. तिच्यासाठी नोंदीत ‘छापील अट’ अशी वेगळी ओळ करावी.

स्थळप्रतीचं काय

एवढं सगळं कागदावर लेटरहेड असताना. पण संस्थेच्या स्वतःच्या फाईलमध्ये पाठवलेल्या पत्राची जी प्रत राहते ती स्थळप्रत, म्हणजे कार्बन कॉपी, ती बहुतेक वेळा साध्या पातळ कागदावर असते. मूळ पत्र लेटरहेडवर गेलं, खालचा कागद कोरा होता. इथं लेटरहेडच्या कप्प्यात ‘[लेटरहेड नाही; स्थळप्रत, साधा कागद]’ एवढंच लिहायचं. त्याच महिन्याची दुसरी पत्रं नमुना ख वर आहेत म्हणून इथंही तेच चिकटवू नये. मूळ पत्र त्याच कागदावर गेलं होतं की नाही हे या प्रतीवरून कळत नाही.

कार्बन प्रतीत आणखी एक गंमत दिसते. जावक क्रमांक आणि तारीख मूळ पत्रावरच्या छापील जागेत पेनानं भरलेली असते आणि कार्बन तेव्हा काढून ठेवलेला असतो. म्हणून स्थळप्रतीवर ती जागा पुष्कळदा रिकामीच असते, किंवा नंतर वेगळ्या शाईनं भरलेली असते. रिकामी असेल तर संस्थेचं जावक रजिस्टर काढावं, विषय आणि पत्ता जुळवून क्रमांक मिळतो. तो पत्रात लिहिताना चौकटी कंसात लिहावा आणि कुठून घेतला तेही सांगावं: ‘जा. क्र. [४७/९८, जावक रजिस्टरवरून]’. रजिस्टर मिळालं नाही तर ‘जा. क्र. [रिकामे]’ लिहून पुढच्या पत्राकडे वळावं.